फेरी लागेपर्यंत

गोव्यात गाडी चालवणाऱ्याला एक सोय देवाने आणि नदी परिवहन खात्याने मिळून करून दिली आहे, ती म्हणजे फेरीबोट. चोडणहून गाडी फेरीवर चढली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, की रायबंदरचा धक्का येईपर्यंत माणसाला करण्यासारखं काही उरत नाही. मांडवीचं पाणी बघावं, शेजारच्या स्कूटरवाल्याशी दोन शब्द बोलावेत, नाहीतर फोन काढावा. फोन काढायची योग्य जागा तीच. पंचाईत त्यापुढे सुरू होते. रायबंदरला गाडी उतरली की पणजीच्या पाटोपर्यंतचा तो जुना चिंचोळा बांध, मग बांबोळीचा चढ, गोवा वेल्हा, आगशी, झुआरीचा नवा पूल, कुठ्ठाळी आणि वेर्णा. एवढ्या रस्त्यात फोन गप्प बसत नाही. आणि आता तो हातात नसतो, डॅशबोर्डवरच्या सात-आठ इंचांच्या पडद्यावर पसरलेला असतो.

हातात नाही म्हणून आपण सुटलो, असं बऱ्याच जणांना वाटतं. कायद्याच्या बाबतीत ते बरंचसं खरंही आहे. मोटर वाहन कायद्याचं कलम १८४ हातात धरलेल्या फोनबद्दल बोलतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला हजार ते पाच हजार रुपये दंड, सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. पडद्यावर उमटलेल्या मेसेजच्या पट्टीबद्दल पोलीस काही विचारत नाही. पण ती पट्टी वाचायला नजर वळते, तेव्हा गाडी थांबलेली नसते. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १७ मीटर. दोन सेकंद पडद्याकडे बघितलं तर ३३ मीटर रस्ता न बघता कापला. आगशीच्या वळणावर त्या ३३ मीटरांत एक बस थांबते, एक म्हातारी रस्ता ओलांडते आणि एक कुत्रं विचार बदलतं.

मग उपाय काय, तर मेसेज वाचून दाखवायला लावायचे. नजर रस्त्यावर, कान मेसेजकडे. उपाय चांगला आहे, पण वाटतो तेवढा फुकट नाही. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी रस्ता सुरक्षेवर काम करणाऱ्या एएए फाउंडेशनसाठी २०१५ साली गाड्यांमधल्या आणि फोनमधल्या बोलून चालवायच्या यंत्रणा तपासल्या. हात चाकावर आणि डोळे रस्त्यावर असूनही, बोलून काम उरकल्यावर मन पूर्ण रस्त्यावर परतायला काही यंत्रणांच्या बाबतीत २७ सेकंदांपर्यंत वेळ लागत होता. ताशी ६०ने २७ सेकंद म्हणजे साडेचारशे मीटर. मेसेज ऐकून झाला, उत्तर देऊन झालं, पडदा पुन्हा नकाशावर आला, तरी पुढचा जवळजवळ अर्धा किलोमीटर गाडी अर्ध्या मनाने चालते.

म्हणून वाचून दाखवायची सोय लावताना आवाज कुठला, भाषा कुठली, हे प्रश्न नंतरचे. आधीचा प्रश्न हा की रायबंदर ते वेर्णा या वाटेत कोणाचा मेसेज ऐकण्याइतका मोलाचा आहे. याचं उत्तर बहुधा तीन-चार नावांत संपतं. बाकी सगळं पुढच्या फेरीपर्यंत थांबू शकतं.

हे लावायचं कुठे ते कळायला पडद्यामागे काय चालतं ते थोडं बघावं लागतं. फोन गाडीच्या पडद्याला जोडणारं अँड्रॉइडचं अँड्रॉइड ऑटो असो की आयफोनचं कारप्ले, गाडीचा पडद्याचा डबा स्वतः फारसं काही करत नाही. अॅप फोनमध्येच चालतं, फोन चित्र तयार करून केबलमधून किंवा वायफायवरून पडद्याकडे पाठवतो, आणि आपण पडद्यावर बोट टेकवलं की तेवढी खबर उलट फोनकडे जाते. पडदा हा फोनचा आरसा नव्हे, फोनने खास गाडीसाठी काढलेलं वेगळं चित्र आहे. म्हणूनच मेसेजची सेटिंग गाडीच्या मेनूत शोधत बसणाऱ्याला ती सापडत नाही. जवळजवळ सगळी फोनमध्ये असते, आणि घरी सोप्यावर बसून लावता येते. लावावीही तिथेच.

आता एक मेसेज धरू आणि त्याच्या मागे चालू. अमुक माणसाने व्हॉट्सअॅपवर चार शब्द लिहिले. ते आपल्या कानापर्यंत पोचायच्या आधी त्यांना तीन नाके लागतात, आणि प्रत्येक नाक्यावर अडवायचं की सोडायचं हे आपण ठरवू शकतो. गोंधळ होतो तो लोक एकाच नाक्यावर सगळा बंदोबस्त करायला जातात म्हणून. मग एकतर सगळंच अडतं, नाहीतर सगळंच सुटतं.

पहिला नाका खुद्द अॅपचा. इथे गर्दी ग्रुपांची. उदाहरण म्हणून चोडणहून रोज वेर्ण्याच्या कारखान्यात हिशेब बघायला जाणारी एक बाई घेऊ. तिच्या फोनवर वाड्याचा ग्रुप आहे, माहेरचा आहे, सासरचा आहे, मुलीच्या वर्गाचा आहे, ऑफिसचे दोन आहेत, आणि चवथ जवळ आली की माटोळीचं सामान, आरत्या आणि भजनाची पाळी यांचे आणखी दोन उगवतात. सकाळी साडेसात ते साडेआठ हीच सुप्रभाताच्या फुलांची वेळ, आणि हीच तिची गाडी चालवायची वेळ. यातल्या प्रत्येक ग्रुपवर जाऊन सूचना म्यूट कराव्या आणि मुदत विचारली की Always निवडावं. आठ तासांची मुदत निवडणारा माणूस संध्याकाळी परतताना पुन्हा तिथेच असतो. जे ग्रुप बघितले नाहीत तरी चालतात ते सरळ अर्काइव्ह करावे आणि चॅटच्या सेटिंगमधला Keep chats archived हा खटका चालू ठेवावा, म्हणजे नवीन मेसेज आला तरी ते वर उसळत नाहीत. एवढं लक्षात ठेवावं की अर्काइव्ह केलेल्या ग्रुपात कोणी आपलं नाव घेऊन हाक मारली किंवा आपल्याच मेसेजला उत्तर दिलं तर सूचना येते. ते बरंच आहे.

साध्या एसएमएसची कथा निराळी आहे. अँड्रॉइड ऑटो हरेक अॅपची सूचना गाडीत आणत नाही. अॅपने आपली सूचना संभाषणाच्या ठरावीक साच्यात बसवलेली असेल, आणि तिला उत्तर देण्याची व वाचली म्हणून नोंदवण्याची सोय जोडलेली असेल, तरच ती गाडीत येते. त्यामुळे जेवण मागवायचं अॅप, बातम्यांचं अॅप, सेल लागल्याची जाहिरात ही मंडळी मुळात येतच नाहीत. लोकांना उगाच भीती असते त्यांची. पण एसएमएसचं अॅप त्या साच्यात बसतं, आणि एसएमएस म्हणजे आता बँक, कर्ज, रिचार्ज आणि ओटीपी. झुआरीच्या पुलावर वारा गाडीला ढकलत असताना पडद्यावर पट्टी येते आणि बोट टेकवलं तर आवाज एकेक आकडा सुटा करून खात्याचा क्रमांक वाचतो. त्याला उपाय असा की असा मेसेज आल्यावर, अर्थात गाडी उभी असताना, फोनवर त्या सूचनेवर बोट दाबून धरावं आणि Silent निवडावं. पाठवणाऱ्यागणिक एकदाच करायचं काम. आठवडाभरात पाच-सहा मोठे बडबडे गप्प होतात.

दुसरा नाका फोनचा, आणि खरा बंदोबस्त इथला. म्यूट केलेले ग्रुप दिवसभर म्यूट राहतात, पण गाडीत असतानाच्या तासापुरता वेगळा नियम हवा असतो. त्यासाठी फोनकॉल आणि सूचना अडवून धरणारं डू नॉट डिस्टर्ब असतं. ते नाव ऐकून लोक बिचकतात, कारण घरून फोन आला तर काय, ही धास्ती. पण त्याची खरी ताकद अपवादांत आहे. सॅमसंगच्या फोनवर Modes and Routines मध्ये Driving नावाचा मोड असतो, त्यात डू नॉट डिस्टर्ब चालू करता येतं. तो कधी चालू व्हावा यासाठी गाडीच्या ब्लूटूथची जोडणी निवडावी. इतर अँड्रॉइड फोनांवर ही जागा कंपनीगणिक बदलते, म्हणून सेटिंगच्या शोधपट्टीत Driving असं टाकून शोधावं, म्हणजे भटकावं लागत नाही. मोड ब्लूटूथवर लावण्याचा फायदा असा की ते लावायचं लक्षात ठेवावं लागत नाही. गाडी सुरू झाली, ब्लूटूथ जुळलं, नियम लागू. रायबंदरला उतरायला गाडी सुरू केली की लागू, फेरीवर इंजिन बंद केलं की सुटला. काही गाड्यांमध्ये मात्र चावी फिरवली तरी दार उघडेपर्यंत पडदा जागा राहतो आणि ब्लूटूथही. फेरीवर बसून मेसेज का येत नाहीत असं वाटलं तर ते कारण.

आता अपवाद. फोनकॉलसाठी तारांकित संपर्क निवडावे, आणि नवरा, सासूबाई, मुलीच्या शाळेच्या बसचे काका आणि ऑफिसमधले एक साहेब एवढ्यांच्याच नावांवर तारा लावावा. त्याखालीच लागोपाठ फोन करणाऱ्याला सोडायचा पर्याय असतो. एकाच क्रमांकावरून पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला तर तो आत येतो. हा पर्याय चालू ठेवावा. अनोळखी क्रमांकावरून खरोखर अडचणीत फोन करणारा माणूस एकदा करून थांबत नाही. मेसेजसाठी तारांकित संपर्कांपेक्षा प्राधान्याची संभाषणं हा पर्याय जास्त भरवशाचा, कारण तारा हा फोनबुकातल्या नावाला लागतो, आणि व्हॉट्सअॅपची सूचना प्रत्येक वेळी त्या नावाशी नीट जोडली जाईलच असं नाही. प्राधान्य त्या संभाषणालाच लागतं. अँड्रॉइड ११पासून ही सोय आहे. त्या माणसाचा मेसेज आला की सूचनेवर बोट दाबून धरायचं, Priority निवडायचं, आणि डू नॉट डिस्टर्बच्या अपवादांत प्राधान्याच्या संभाषणांना मुभा द्यायची. या दोन्हींतलं एकच करून दुसरं विसरणं ही नेहमीची चूक. मग माणूस म्हणतो, सगळं केलं तरी नवऱ्याचा मेसेज येत नाही.

आयफोनवर हेच काम Driving Focus करतो. सेटिंगमध्ये Focus, तिथे अधिकच्या खुणेवरून Driving घ्यावा, आणि Activate With CarPlay चालू करावं. कोणाला सोडायचं त्यांची नावं तिथेच भरता येतात. त्यात आपोआप उत्तर पाठवायची सोय आहे. मेसेज करणाऱ्याला ‘गाडी चालवतोय’ असं कळतं, आणि त्याने उत्तरात urgent एवढा एक शब्द लिहिला तर त्याचा मेसेज अडसर ओलांडून येतो. कल्पना सुंदर आहे. पण हे उत्तर जातं फक्त फोनच्या मूळ मेसेज अॅपमधून, आणि आपल्याकडे सगळा गाव व्हॉट्सअॅपवर. सासूबाईंना ते उत्तर कधीच मिळणार नाही. त्यामुळे त्यावर विसंबू नये. व्हॉट्सअॅपसाठी Settings मधल्या Notifications मध्ये त्या अॅपच्या पानावर Show in CarPlay नावाचा खटका असतो, तो बघावा. आणि वाचून दाखवायचं की नाही हे Announce Notifications मधल्या CarPlay या पानावर ठरतं. ही सोय २०२१च्या आयओएस १५पासूनची. तिच्यात आणि अँड्रॉइड ऑटोत एक मोठा फरक आहे. आयफोन सांगितलं तर न विचारता मेसेज वाचायला लागतो, अँड्रॉइड ऑटो पट्टी दाखवून थांबतो आणि आपण बोट टेकवलं किंवा वाच म्हणून सांगितलं तरच वाचतो. मला दुसरी रीत बरी वाटते. कधी ऐकायचं हे गाडी चालवणाऱ्याने ठरवावं, कारण बांबोळीच्या चढावर पुढे ट्रक आहे हे त्यालाच दिसत असतं. आयफोनवाल्यांनी म्हणूनच अॅपांची यादी अगदी आखूड ठेवावी.

तिसरा नाका अँड्रॉइड ऑटोचा स्वतःचा. फोनच्या सेटिंगमध्ये Connected devices खाली तो सापडतो, काही फोनांवर आणखी एक पायरी आत. तिथे मेसेजच्या सूचना दाखवायच्या का, ग्रुपच्या दाखवायच्या का, आणि संभाषणाची पहिली ओळ दाखवायची का, असे खटके आहेत. पहिला चालू राहू द्या. ग्रुपचा खटका सगळ्या ग्रुपांना एकाच मापाने मोजतो, एक ग्रुप हवा आणि सात नकोत हे त्याला कळत नाही. म्हणून ज्याने पहिल्या नाक्यावर ग्रुप नीट म्यूट केले आहेत त्याने हा चालू ठेवला तरी चालतो, ज्याने कंटाळा केला त्याने बंदच करावा. पहिल्या ओळीचा खटका मात्र सगळ्यांनी बंद करावा असं माझं मत. ही ओळ गाडी थांबलेली असतानाच दिसते, म्हणून निरुपद्रवी वाटते. पण थांबलेली म्हणजे सिग्नलला थांबलेलीही. अर्धी ओळ वाचून मन त्यात अडकतं, आणि मागचा हॉर्न वाजवतो. शिवाय वेर्ण्यापर्यंत सोबत येणाऱ्या सहकाऱ्यालाही ती ओळ दिसते. पगाराची, आजाराची, भांडणाची.

पडद्याची मांडणीही याच पानावरून होते. Customise launcher मध्ये अॅपांची यादी आहे, फोनवर इंग्रजी अमेरिकन असेल तर स्पेलिंग वेगळं दिसेल. गाडीत लागत नाहीत त्यांच्यापुढची खूण काढावी. नकाशा, फोन, एक गाण्याचं आणि एक मेसेजचं अॅप राहिलं तर सगळं एका पानावर मावतं आणि शोधायला पडदा सरकवावा लागत नाही. त्याच पानावर लाँचरला शॉर्टकट जोडायची सोय आहे. तिथे एखाद्या माणसाला थेट फोन लावणारं बटण करता येतं. बसच्या काकांचं असं एक बटण केलं की त्यांचं नाव बोलून, ते चुकीचं ऐकलं जाऊन, पुन्हा बोलून दाखवायचा सगळा व्याप वाचतो. आयफोनवर General मधल्या CarPlay खाली आपली गाडी निवडून Customize केलं की अॅप काढता आणि हलवता येतात.

इथपर्यंत आलेला मेसेज आता वाचला जाणार. इथे गोव्यातल्या माणसाची खरी गंमत सुरू होते. आपण मराठी बोलतो, कोकणी बोलतो, आणि लिहितो मात्र रोमन अक्षरांत. वाचणारा आवाज इंग्रजीचा असेल तर तो समोरचं प्रत्येक अक्षर इंग्रजी समजून वाचतो. नवऱ्याने लिहिलं :

```
are pan to kal yenar hota
```

आवाज म्हणतो, ‘आर पॅन टू कॅल येनार होटा’. अरे, पण आणि तो हे तिन्ही शब्द इंग्रजीतही आहेत, म्हणून ते तो अगदी आत्मविश्वासाने चुकतो. ऐकणारा मग काय करतो? मनात ते उलटं फिरवून मूळ वाक्य शोधतो. जमलं नाही तर हमखास पडद्याकडे बघतो, जिथे मजकूर नसतोच, आणि मग हात फोनकडे जातो. म्हणजे नजर वाचवायला लावलेल्या सोयीनेच नजर वळवली. वाचून दाखवण्याच्या व्यवस्थेत आपल्याकडे सर्वांत जास्त बिघडतं ते इथे, आणि दोष धड कोणाचाच नाही.

देवनागरीत लिहिलेला मेसेज असेल आणि आवाज मराठीचा असेल तर हेच वाक्य स्वच्छ ऐकू येतं. गूगलच्या असिस्टंटला मराठी येते. सिरीलाही २०२४च्या आयओएस १८पासून भारतीय इंग्रजीच्या जोडीने मराठी येते. पण फोनवर चालणारी प्रत्येक भाषा गाडीतही चालतेच असं नाही, अँड्रॉइड ऑटोत चालणाऱ्या भाषांची यादी आखूड आहे. असिस्टंटच्या भाषांच्या यादीत मराठी वर आणून, गाडी अंगणात उभी असताना करून बघावं. चाललं तर दोन गोष्टी लक्षात घ्याव्या. आवाज मराठी झाला की आज्ञाही मराठीत द्याव्या लागू शकतात, आणि फोनबुकात इंग्रजीत लिहिलेली नावं तो आता मराठी कानाने ऐकतो. नाव सापडत नसेल तर फोनबुकात त्या तीन-चार माणसांची नावं देवनागरीत करून टाकावी. कोकणी यापैकी कुठल्याच यादीत नाही. देवनागरीतली कोकणी मराठी आवाजाने वाचली तर उच्चार थोडे परके वाटतात पण अर्थ लागतो. रोमीतली कोकणी कुठल्याच आवाजाला पेलत नाही.

सासूबाईंना देवनागरी कीबोर्ड शिकवणं हा एका रविवारचा कार्यक्रम आहे आणि तो यशस्वी होईल याची हमी नाही. बऱ्याचदा त्या लिहितच नाहीत, बोलून पाठवतात. व्हॉट्सअॅपवर बोलून पाठवलेला मेसेज सूचनेत नुसता ‘व्हॉइस मेसेज, बारा सेकंद’ असा येतो, आणि आवाज तेवढंच वाचतो. बारा सेकंदांत काय आहे ते कळत नाही, फक्त काहीतरी आहे ही टोचणी लागते. फोटोचंही तसंच. हात जोडलेल्या इमोजीची मात्र हा आवाज दखल घेतो आणि चार असतील तर चार वेळा घेऊ शकतो.

यावर सर्वांत कामाचा उपाय कुठल्याच सेटिंगमध्ये नाही. ज्या तीन-चार माणसांना आपण आत सोडलं आहे त्यांच्याशी दोन शब्दांचा ठराव करायचा. साडेसात ते साडेआठ काही तातडीचं असेल तर सरळ फोन करा. फोन करण्यासारखी वेळ नसेल तर ‘फोन कर’ एवढंच लिहा, देवनागरीत, किंवा इंग्रजीत Call me. दोन्ही आवाजांना दोन्हींपैकी एक तरी नीट वाचता येतं, ऐकायला एक सेकंद लागतो, आणि त्याचं उत्तर बोलून लिहावं लागत नाही, गाडी बाजूला घेऊन बटण दाबावं लागतं. गाडीतून बोलून मेसेज लिहिणं हा मी पूर्ण वर्ज्य प्रकार मानते. ऐकणं एकेरी असतं. लिहिताना मात्र यंत्राने काय लिहिलं ते तपासायला तो पुन्हा वाचतो, आपण दुरुस्त करतो, तो पुन्हा वाचतो, आणि त्या सत्तावीस सेकंदांची मोजणी दर वेळी नव्याने सुरू होते.

आवाजाबद्दल आणखी एक. नकाशाचा, गाण्याचा, फोनचा आणि वाचणाऱ्याचा आवाज हे गाडीत वेगवेगळे मोजले जातात. गाणं मोठं आहे आणि वाचणारा पुटपुटतो आहे अशी तक्रार असेल तर गाणं कमी करून काही होत नाही. तो बोलत असतानाच आवाजाची खुंटी फिरवावी लागते, तेव्हाच त्याचा आकडा बदलतो. पावसाळ्यात टपावर सरी कोसळत असताना हा आवाज उन्हाळ्यापेक्षा दोन-चार खुणा वर लागतो, म्हणून हे काम उभ्या गाडीत करून ठेवावं.

आता चाचणी. गाडी अंगणात, इंजिन चालू, फोन जोडलेला आणि कुलूपबंद. घरातल्या आणखी दोघांच्या फोनांवरून मिळून पाच मेसेज मागवावे. प्राधान्य दिलेल्या माणसाचा एक देवनागरीत आणि एक रोमनमध्ये, प्राधान्य नसलेल्याचा एक, म्यूट केलेल्या ग्रुपातला एक, आणि एक बोलून पाठवलेला. पहिले दोन आणि शेवटचा यावे, मधले दोन येऊ नयेत. शेवटचा अर्थातच त्याच प्राधान्यवाल्याने पाठवलेला असावा. एकही आला नाही तर डू नॉट डिस्टर्बचे अपवाद पुन्हा बघावे, आणि तेही ठीक असतील तर फोनच्या सेटिंगमध्ये Notification access शोधून अँड्रॉइड ऑटोला सूचना वाचायची मुभा आहे ना ते बघावं. कुलूप उघडल्यावरच येत असतील तर फोन कुलूपबंद असताना अँड्रॉइड ऑटो सुरू व्हायचा खटका बंद आहे. सगळे मेसेज एकदम, पाच-दहा मिनिटांनी, झुंडीने येत असतील तर नियमांचा काही दोष नाही. फोन बॅटरी वाचवायला मेसेजच्या अॅपला झोपवतो आहे. त्या अॅपच्या बॅटरीच्या पानावर जाऊन निर्बंध काढावे. बऱ्याच स्वस्त फोनांत हे मुळातच फार कडक असतं. आणि चाचणीत सगळं ठीक पण रस्त्यावर खड्ड्यागणिक पडदा जातो-येतो, अशी गत असेल तर केबल बदलावी. मीटरभराहून लांब नको, आणि फक्त चार्जिंगची नको, डेटाचीही हवी. दमट हवेत फोनच्या तोंडात कपड्याची लव आणि ओल मिळून चिकटा बसतो, तोही कोरड्या लाकडी काडीने हलक्या हाताने काढावा. पडदा जाऊन परत आला की नजर तिकडे जाते, मेसेज असो वा नसो.

पंधरा दिवसांनी यादी एकदा पुन्हा बघावी. ज्या साहेबांना आत सोडलं होतं त्यांनी दोन आठवड्यांत सहा मेसेज केले आणि त्यातला एकही वेर्ण्याला पोचेपर्यंत थांबू शकला नसता असा नव्हता, तर त्यांचं प्राधान्य काढावं. त्यांना ते कळणार नाही. वेर्ण्याच्या फाटकाशी गाडी लावून ब्लूटूथ सुटलं की त्यांचे मेसेज फोनवर असतातच, आणि संध्याकाळचे रायबंदरला फेरीची फळी खाली यायची वाट बघताना वाचता येतात.